पीएच एकच, आजार दोन

दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. पहिला तिशीतल्या एका माणसाचा. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब चालू आहेत. रक्ताचा पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइडचा दाब २७, बायकार्बोनेट १३, सोडियम १३८, क्लोराइड ११५, पोटॅशियम २.८. दुसरा रिपोर्ट बावीस वर्षांच्या मुलीचा. तिला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. ताप आला, जेवण जाईना, म्हणून घरच्यांनी इन्सुलिन थांबवलं. गेले दोन दिवस सारख्या उलट्या होताहेत. पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइडचा दाब २९, बायकार्बोनेट १४, सोडियम १३२, क्लोराइड ८२, पोटॅशियम ३.१, साखर ५००.

हे आकडे मी शिकवण्यासाठी जुळवले आहेत, पण असे रुग्ण कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात भेटतात. दोघांचा पीएच तंतोतंत एक आहे आणि बायकार्बोनेटही जवळपास सारखं. तरीही पहिल्याच्या शरीरातून अल्कली वाहून गेली आहे, तर दुसरीच्या शरीरात नवं आम्ल तयार झालं आहे. शिवाय दुसरीच्या रिपोर्टात आणखी एक बिघाड दडलेला आहे आणि तो एकाही आकड्यासमोर छापलेला नाही. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना किंवा नीट-पीजीच्या तयारीला लागलेल्या इंटर्नना मी हे दोन रिपोर्ट देते, तेव्हा बहुतेक जण ‘मेटाबॉलिक ॲसिडोसिस’ इतकं लिहून थांबतात. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. बाकीचं अर्धं त्यांच्याच वहीत असतं, पण वेगवेगळ्या पानांवर.

वहीत हा विषय येतो कसा, ते पाहिलं की अडचण कळते. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात मूत्रपिंडाचं काम येतं. जीवरसायनशास्त्रात बफर आणि हेंडरसन-हॅसेलबाल्ख यांचं समीकरण येतं. पुढे मेडिसिनमध्ये मधुमेहाच्या धड्यात कीटोॲसिडोसिस, बालरोगात जुलाब, सर्जरीत जठराचं तोंड अरुंद झाल्याने होणाऱ्या उलट्या, भूलशास्त्रात श्वास कमी पडल्यावर साठणारा कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक शिक्षकाने आपापला भाग नीट शिकवलेला असतो. पण या सगळ्या नोट्स आजारापासून सुरू होऊन आकड्यांपर्यंत जातात. अमुक आजार झाला की बायकार्बोनेट घटतं, तमुक झाला की पोटॅशियम वाढतं. परीक्षेत आणि वॉर्डात प्रवास नेमका उलटा असतो. हातात आकडे असतात आणि आजार शोधायचा असतो. म्हणून रिव्हिजनसाठी त्याच नोट्स पुन्हा वाचण्यापेक्षा त्यांची दिशा फिरवावी लागते. आजारांची नावं बाजूला ठेवायची आणि रिपोर्टला कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, त्यानुसार वही नव्याने लावायची.

ज्यांचा वैद्यकीशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पीएच म्हणजे रक्त किती आम्लधर्मी आहे याचं माप. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. रोहिणीतल्या रक्तासाठी ७.३५ ते ७.४५ ही निरोगी मर्यादा. ती राखायला शरीराकडे दोन यंत्रणा आहेत. कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळला की आम्लासारखा वागतो आणि त्याला बाहेर काढण्याचं काम फुप्फुसं करतात. श्वास वाढवला की काही मिनिटांत फरक पडतो. बायकार्बोनेट ही अल्कली. तिचा साठा मूत्रपिंडं सांभाळतात आणि तिथे बदल व्हायला दोन-चार दिवस लागतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ४० आणि बायकार्बोनेट साधारण २४ धरतात. एक बाजू बिघडली की दुसरी बाजू पीएच सावरायला धावते. या सावरण्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कारण रिपोर्टात मूळ बिघाड आणि त्यावरची धावाधाव दोन्ही एकाच वेळी दिसतात.

नव्या वहीतला पहिला प्रश्न आजाराविषयी नसतोच. आकडे एकमेकांशी जुळतात का, हा तो प्रश्न. २४ ला कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गुणायचं आणि बायकार्बोनेटने भागायचं. येणारा आकडा म्हणजे एका लिटरमध्ये किती नॅनोमोल हायड्रोजन आयन आहेत. पहिल्या रुग्णासाठी २४ गुणिले २७ भागिले १३, म्हणजे जवळपास ५०. पीएच ७.३० ला हायड्रोजन आयन ५०च असतात, ७.४० ला ४० आणि ७.२० ला ६३. मुलांसाठी युक्ती अशी की ७.३० ते ७.५० च्या दरम्यान पीएचच्या दशांश चिन्हानंतरचे दोन अंक ८० मधून वजा केले की उत्तर जवळपास बरोबर येतं. दुसऱ्या रिपोर्टलाही हे लावून पाहा. २४ गुणिले २९ भागिले १४, पुन्हा ५०च्या आसपास.

ही पायरी मुलं हमखास गाळतात आणि तिची मर्यादाही त्यांना कोणी सांगत नाही. एबीजीचं मशिन पीएच आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतं, पण बायकार्बोनेट त्या दोघांवरून गणिताने काढतं. त्यामुळे मशिनच्या कागदावरचे तिन्ही आकडे आपसात नेहमीच जुळणार. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, हेपॅरिन जास्त झालं किंवा नमुना तासभर टेबलावर पडून राहिला, तरी ते जुळलेलेच दिसतील. चूक पकडायची तर त्याच वेळी प्रयोगशाळेत पाठवलेल्या इलेक्ट्रोलाइटच्या नमुन्यातलं बायकार्बोनेट शेजारी ठेवायचं. शिरेतल्या रक्तात ते एक-दोनने जास्त असतं. फरक त्याहून बराच मोठा दिसला तर निदान बाजूला ठेवून नमुना पुन्हा घ्यायचा. परीक्षेत मात्र ही पायरी आकडा उतरवताना झालेली चूक पकडते, आणि तेवढ्यासाठीही ती करावी.

त्यानंतर पीएच कुठल्या बाजूला झुकला आहे ते बघायचं आणि त्या झुकण्याला कोण जबाबदार आहे ते शोधायचं. दोन्ही रुग्णांचा पीएच आम्लाकडे झुकला आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने तसं झालं असतं, तर त्याचा दाब ४० च्या वर असता. तो तर कमी आहे, म्हणजे फुप्फुसं मदत करताहेत. बायकार्बोनेट मात्र घटलेलं आहे. तेव्हा मूळ दोष तिथे, म्हणून मेटाबॉलिक ॲसिडोसिस. हे दोन प्रश्न एका दमात विचारावेत, कारण एकच आकडा पाहून निष्कर्ष काढला की काय होतं, याचा धडा वैद्यकशास्त्राने फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तातलं बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर त्याला रक्तात अल्कली वाढण्याचा एक न उलगडलेला प्रकार समजत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तोच आकडा उलट बाजूने वाचला. रुग्णांचा श्वास पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आहे आणि बायकार्बोनेट त्याला सावरण्यासाठी वाढलं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवीने हाताने श्वास दिला. ती सावरली. पुढे वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले, असे जवळपास दीड हजार विद्यार्थी होते. त्याच रुग्णालयातल्या प्रयोगशाळेच्या पॉल ॲस्ट्रप यांनी रक्ताचा पीएच मोजून इब्सेनचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं. आजचं एबीजी मशिन आणि आजचा अतिदक्षता विभाग या दोन्हींच्या मुळाशी तो उन्हाळा आहे. बायकार्बोनेट तेच होतं. शेजारी पीएच ठेवल्यावर त्याचा अर्थ फिरला.

पुढचा प्रश्न असा की शरीर सावरताना जेवढं सावरायला हवं तेवढंच सावरतं आहे का. मेटाबॉलिक ॲसिडोसिससाठी विंटर्सचं सूत्र वापरतात. बायकार्बोनेटला दीडने गुणून त्यात ८ मिळवायचे. कार्बन डायऑक्साइडचा दाब त्या आकड्याच्या आसपास, फार तर दोनने इकडे-तिकडे असायला हवा. पहिल्याचं उत्तर येतं २७.५ आणि रिपोर्टात आहे २७. दुसरीचं येतं २९ आणि रिपोर्टातही २९. दोघांची फुप्फुसं आपलं काम चोख करताहेत.

इथे मी मुलांना एक गोष्ट करायला लावते. सोडवलेलं उदाहरण तसंच ठेवायचं आणि एकच आकडा बदलून पुन्हा सोडवायचं. दुसऱ्या मुलीचं बायकार्बोनेट १४च राहू दे, पण कार्बन डायऑक्साइडचा दाब २९ ऐवजी ३८ लिहा. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत, म्हणजे ३५ ते ४५ मध्ये, हा आकडा अगदी ‘नॉर्मल’ आहे. त्यासमोर वर-खालीची खूणही येणार नाही. पण हायड्रोजन आयनचं गणित करा. २४ गुणिले ३८ भागिले १४ म्हणजे ६५, आणि पीएच ७.१९ वर उतरला. या मुलीचा दाब २९ असायला हवा होता. तो ३८ आहे म्हणजे जोरजोरात श्वास घेऊन ती दमली आहे, किंवा तिला न्यूमोनिया झाला आहे, किंवा ग्लानी येऊन श्वासच मंदावला आहे. त्या छापील नॉर्मल आकड्यात खरं तर श्वासाचा बिघाड लपला आहे. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला श्वासाची मदत द्यायची तयारी करायला सांगणारी खूण तीच. नोट्समध्ये नुसतं सूत्र लिहून ठेवलं तर ते पाठ होतं. हा बदललेला आकडा शेजारी लिहिला तर ते सूत्र कशासाठी आहे हे कळतं.

इतर तीन बिघाडांसाठीही असेच अंदाज आहेत आणि ते सगळे मिळून एका पानात मावतात. बायकार्बोनेट वाढलेलं असेल तर दर एक अंकामागे कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.७ ने वाढतो. श्वासाच्या बिघाडात मूळ दोष कालचा की कित्येक दिवसांचा, यावर अंदाज बदलतो. दाब दहाने वाढला तर बायकार्बोनेट सुरुवातीला एकनेच वाढतं आणि मूत्रपिंडांना वेळ मिळाला की साडेतीन ते चारने. दाब दहाने घटला तर आधी दोनने, नंतर चार-पाचने घटतं. हे पान पाठच करावं लागतं, त्याला पर्याय नाही. पाठांतर इतकंच ठेवावं, असं माझं मत आहे.

आता त्या दोन रिपोर्टांच्या वाटा फुटतात. रक्तात धन भार आणि ऋण भार समान असतात. आपण नेहमी मोजतो तो मुख्य धन भार सोडियमचा, आणि मोजले जाणारे ऋण भार क्लोराइड व बायकार्बोनेटचे. सोडियममधून या दोघांची बेरीज वजा केली की थोडी बाकी उरते. ती न मोजलेल्या ऋण भारांची, मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाची. हीच ॲनायन गॅप. ती साधारण १२ च्या आसपास असते, पण प्रयोगशाळेनुसार थोडी बदलते. पहिल्या रुग्णात ११५ आणि १३ यांची बेरीज १२८, ती १३८ मधून गेली की उरले १०. म्हणजे गॅप नेहमीसारखी. बायकार्बोनेट गेलं आणि त्याची जागा क्लोराइडने भरली. जुलाबांतून अल्कली वाहून गेली की असंच होतं. मूत्रपिंडाच्या एका गटाच्या आजारांतही चित्र असंच दिसतं. तिथे लघवीतल्या सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचं गणित करून दोघांना वेगळं करतात. पण रुग्ण स्वतःच जुलाबांची कहाणी सांगत असताना तिकडे धावायची गरज नाही.

दुसऱ्या मुलीत ८२ आणि १४ यांची बेरीज ९६. १३२ मधून ती गेली की उरले ३६. नेहमीपेक्षा २४ जास्त. रक्तात न मोजलेलं काहीतरी आम्ल आलं आहे आणि या मुलीत ते कीटोनचं आहे, हे साखरेवरून कळतं. गॅप वाढवणाऱ्या आम्लांची यादी फार लांब नाही. लॅक्टिक आम्ल, कीटोन, मूत्रपिंड निकामी झाल्यावर साठणारी आम्लं आणि काही विषं. विषारी दारूतलं मिथेनॉल त्यातलंच. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या दारूत तेच होतं. शरीर मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल बनवतं, ते डोळ्यांची नस मारतं आणि गॅप वाढवतं. या यादीची इंग्रजी अद्याक्षरं मुलांना तोंडपाठ असतात. माझा आग्रह एवढाच की ती वहीत या पायरीनंतर यावीत. गॅप काढण्याआधीच यादी आठवू लागली की जुलाबाच्या रुग्णातही विष शोधलं जातं.

या पायरीवर दोन खाचखळगे आहेत. साखर खूप वाढली की सोडियम खोटं कमी दिसतं, म्हणून ते दुरुस्त करायला शिकवतात. पण गॅप काढताना दुरुस्त केलेलं सोडियम घ्यायचं नाही, रिपोर्टातलंच घ्यायचं, कारण क्लोराइड आणि बायकार्बोनेटही त्याच पातळ झालेल्या रक्तातले आहेत. दुसरा खळगा अल्ब्युमिनचा. ते ४ ग्रॅमच्या खाली जितकं जाईल तितके दर ग्रॅममागे अडीच अंक गॅपमध्ये मिळवावे लागतात. यकृताच्या जुनाट आजारात अल्ब्युमिन २ असेल, तर १२ दिसणारी गॅप प्रत्यक्षात १७ समजायची. कुपोषित आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत हे विसरलं की वाढलेलं लॅक्टिक आम्ल नजरेआड होतं.

आता तो दडलेला बिघाड. आम्लाचा एक कण रक्तात आला की तो बायकार्बोनेटचा साधारण एक कण खातो. मुलीची गॅप २४ ने वाढली आहे. मग बायकार्बोनेट २४ वरून २४ ने उतरून शून्यावर यायला हवं होतं. तसं झालं असतं तर ती जगलीच नसती. प्रत्यक्षात ते १४ आहे, म्हणजे दहानेच उतरलं. १४ मध्ये हे २४ परत मिळवा, ३८ येतात. कीटोन वाढण्यापूर्वी, किंवा ते वाढत असतानाच, तिच्या रक्तात अल्कली वर चढत होती. कारण डोळ्यांसमोर आहे. दोन दिवसांच्या उलट्यांतून जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडलं. क्लोराइड ८२ पर्यंत उतरलं ते त्यामुळेच. तेव्हा या मुलीला कीटोॲसिडोसिस आहे आणि त्याबरोबर मेटाबॉलिक अल्कलोसिसही आहे. दोघे विरुद्ध दिशांना ओढताहेत म्हणून पीएच ७.३० इतका सौम्य दिसतो. आजार सौम्य नाही. उलट्या थोड्या जास्त झाल्या असत्या तर पीएच ७.४० दिसला असता आणि कागदावर सगळं ठीक वाटलं असतं. म्हणून पीएच नॉर्मल असला तरी गॅप काढायचीच, हा नियम मी वहीत लाल पेनाने लिहायला सांगते. ही तुलना काटेकोर नसते, हेही त्याच्या शेजारी लिहावं. लॅक्टिक ॲसिडोसिसमध्ये गॅप बायकार्बोनेटच्या घटीपेक्षा जास्त वाढते, दीडपटीच्या पुढेही जाते. त्यामुळे थोड्या फरकावरून दुसरा बिघाड ठोकून द्यायचा नाही. इथला फरक दुपटीहून अधिक आहे आणि रुग्णाची कहाणी त्याला साथ देते.

पोटॅशियमचं पान शेवटी येतं, पण रुग्णाचा जीव बऱ्याचदा त्यावरच अवलंबून असतो. पहिल्याचं २.८, दुसरीचं ३.१. इन्सुलिनअभावी पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं, त्यामुळे कीटोॲसिडोसिसच्या बहुतेक रुग्णांत सुरुवातीला ते नॉर्मल किंवा वाढलेलं दिसतं. अशा अवस्थेतही ते ३.१ असेल, तर शरीरातला एकूण साठा फारच आटलेला आहे. इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरतं. म्हणून या मुलीला आधी सलाइन आणि पोटॅशियम द्यायचं आणि इन्सुलिन थोडं थांबवायचं. वर्षानुवर्षं त्यासाठी ३.३ ची सीमा शिकवली गेली, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ती ३.५ आहे. तिचं ३.१ दोन्हींच्या खाली आहे. ‘कीटोॲसिडोसिस म्हणजे इन्सुलिन’ हे सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याने घाईने इन्सुलिन लावलं तर हृदयाची लय बिघडून मुलगी दगावू शकते. पहिल्या रुग्णातही तोच धोका निराळ्या वाटेने येतो. नुसतं बायकार्बोनेट दिलं तर पोटॅशियम आणखी उतरेल. दोन्ही एकत्र भरून काढण्याची सोय ओआरएसच्या साध्या पुडीत आहे. एक लिटर पाण्याच्या पुडीवर पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम लिहिलेलं असतं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. गंभीर रुग्णाला शिरेतून सलाइन लागतंच, पण पिता येऊ लागलं की ही पुडी याच गणिताचं उत्तर असते.

मुलीच्या उदाहरणाला मी दुसऱ्या दिवशी सकाळचा रिपोर्टही जोडते. सोडियम १४०, क्लोराइड १११, बायकार्बोनेट १८. ‘मॅडम, बायकार्बोनेट चारनेच वाढलं, इन्सुलिन वाढवू का?’ असं कोणीतरी विचारतंच. गॅप काढा म्हटलं की उत्तर त्यांचं त्यांना सापडतं. १४० मधून १२९ गेले, उरले ११. काल ३६ होती. कीटोन गेले. उरलेलं थोडं ॲसिडोसिस सलाइनमधल्या क्लोराइडचं आहे. शिवाय लघवीतून निघून गेलेल्या कीटोनपासून जे बायकार्बोनेट पुन्हा तयार झालं असतं, तेही आता होणार नाही. मूत्रपिंडं ते दोन-तीन दिवसांत भरून काढतील. इन्सुलिन वाढवायचं कारण नाही. कीटोॲसिडोसिस उतरतो आहे की नाही हे बायकार्बोनेटपेक्षा गॅप चांगलं सांगते, हे वाक्य नुसतं वाचलं तर महिन्याभरात विसरतं. वजाबाकी स्वतःच्या हाताने केली की राहतं.

वहीचं पान कसं आखावं, याबाबत माझी एक ठरलेली पद्धत आहे. पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला प्रश्न आणि नियम, उजव्या बाजूला त्याच ओळीत उदाहरणाची आकडेमोड, एकही वजाबाकी न गाळता. प्रत्येक पायरीखाली आणखी एक ओळ सोडायची आणि तिथे लिहायचं, ‘इथे थांबलो तर’. दुसऱ्या मुलीच्या उदाहरणात बायकार्बोनेटच्या पायरीखाली येईल, इथे थांबलो तर जुलाबाचा रुग्ण आणि ही मुलगी सारखीच दिसते. गॅपच्या पायरीखाली येईल, इथे थांबलो तर उलट्यांचा अल्कलोसिस सुटतो. सगळ्याच्या शेवटी, इथे थांबलो तर पोटॅशियम न बघता इन्सुलिन जातं. छापील पुस्तकांत सोडवलेली उदाहरणं असतात, पण ती सरळ उत्तराकडे जातात. परीक्षार्थी अडकतो ते अधल्यामधल्या ठिकाणी, आणि तिथे काय सुटतं हे त्याला लिहिलेलं हवं असतं. बफरचे तक्ते, नेफ्रॉनच्या आकृत्या, समीकरणाची सिद्धता हे सगळं फेकायचं नाही. वहीच्या मागच्या भागात ठेवायचं आणि पायरीपाशी फक्त पान क्रमांक लिहायचा.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सांगणं आहे. पहिली दोन उदाहरणं इथली घ्या, पण पुढची आपल्या वॉर्डातली घ्या. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक उतरवू नका, फक्त आकडे आणि दोन ओळींची कहाणी घ्या. आधी कहाणी झाकून आकडे सोडवा, मग कहाणी उघडून पडताळा. ज्या रिपोर्टात दोघांचं जमत नाही तो टाकून देऊ नका. त्याच संध्याकाळी युनिटमधल्या रजिस्ट्रारला किंवा आपल्या शिक्षकांना दाखवा आणि उत्तर मिळाल्यावर तेही त्याच पानावर लिहा.